माजघरातला ५जी

पाथर्डी-शेवगावकडच्या एखाद्या जुन्या माळवदाच्या घरात पाऊल टाकलं, की बाहेरचं ऊन दारातच थांबतं. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी सरांवर घातलेला मातीचा थर. उन्हाळ्यात माजघर गार राहतं ते याच बांधणीमुळे. ओसरीवर झपाझप चालणारा ५जी फोन त्याच माजघरात मुका होतो, त्यामागेही हीच बांधणी असते.

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा मोठा भार ३५०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरींवर आहे. तिथे कंपन्यांकडे सुमारे १०० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा सलग पट्टा आहे, तर ४जीचा एक पट्टा फार तर २० मेगाहर्ट्‌झचा असतो. रस्ता पाचपट रुंद असल्यामुळेच ५जीवर सिनेमा काही क्षणांत उतरतो. पण मेगाहर्ट्‌झ जितके जास्त, तितकी लहर आखूड, आणि लहर जितकी आखूड, तितकी ती भिंतीत लवकर अडते. ४जी बऱ्याचदा ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झवरही चालतं. ती लांब लहर दगडमातीतून बरीच आत शिरते. जिओकडे ५जीसाठी ७०० मेगाहर्ट्‌झही आहे आणि तो आतपर्यंत पोहोचतो. त्याचा पट्टा मात्र अरुंद असल्यामुळे केवळ त्यावर चालणाऱ्या फोनवर ५जी असं उमटूनही वेग बेताचाच मिळतो.

पत्र्याचं शेड असेल, तर लांब लहरीचाही फारसा उपयोग होत नाही. पत्रा दोन्ही प्रकारच्या लहरी जवळजवळ पूर्णच परतवतो. मग सिग्नल दारा-खिडकीतून जेवढा येईल तेवढाच.

फोनवरच्या रेघांवर विसंबू नये. प्रत्येक कंपनी त्या आपल्या मापाने काढते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये About phone मधल्या SIM status खाली Signal strength हा आकडा दिसतो. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितका चांगला. उणे ९० छान, उणे ११० अशक्त, उणे १२०च्या खाली गेला की फोन धडपडू लागतो. दहाचा फरक म्हणजे शक्ती दहापट कमी-जास्त.

आता समजा, घरातल्या मुलीला माजघरात बसून कॉलेजच्या प्रकल्पाचे फोटो पाठवायचे आहेत. ओसरीवर ५जीचा आकडा उणे ९५ आहे, माजघरात तो उणे ११८ होतो. तिथेच फोन ४जीवर घेतला, तर उणे १०४ दिसतो. चौदाचा हा फरक म्हणजे शक्ती पंचवीसपट. अशा वेळी ५जीवर पाहण्यासाठी व्हिडिओ कसाबसा येतो, पण फोटो जाता जात नाही. टॉवर मोठ्या ताकदीने बोलतो, फोनची ताकद मात्र एका वॉटच्या पाचव्या भागाएवढीच असते. भिंतीआडून त्याचा आवाज टॉवरला ऐकूच येत नाही. घरातला ५जी अपुरा पडतोय, याची सगळ्यात पक्की खूण हीच: येणं चालू, जाणं बंद.

बॅटरीचं गणितही इथेच आहे. सिग्नल क्षीण झाला, की फोन आपली ताकद शेवटापर्यंत वाढवतो आणि तापतो. त्यातच काही जाळी ५जीला ४जीच्या आधारावर चालवतात, म्हणजे फोन एकाच वेळी दोन्हींशी जोडलेला असतो. अकोल्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या वाटेवर, ५जी कधी सापडतं कधी हरवतं. तिथला खर्च या शोधाशोधीचा. उलट टॉवर जवळ असेल, तर ५जीवर मोठी फाईल पटकन उतरून फोन लवकर निवांत होतो आणि बॅटरी वाचूही शकते. म्हणून ‘५जी बॅटरी खातं’ हे सरसकट विधान बरोबर नाही. एकाच खोलीत, एकच काम, एकेक तास दोन्हींवर करून टक्के लिहून ठेवावेत. स्वतःच्या घराचा निकाल तेवढ्यात हाती येतो.

अँड्रॉइडवर ५जी-४जीचा बदल करायचा तो सिमकार्डाच्या सेटिंगमधल्या Preferred network type मध्ये. आयफोनमध्ये 5G On, 5G Auto आणि LTE असे पर्याय असतात. त्यातला Auto फायदा नसेल तिथे आपोआप ४जीवर उतरतो. अँड्रॉइडवर मात्र ‘फक्त ४जी’ असा पर्याय निवडण्याआधी VoLTE चालू आहे ना, ते पाहावं. ते बंद असेल, तर नेट चालेल पण फोन लागणार नाही.

आणखी एक हिशोब रिचार्जचा. अमर्याद ५जी देणाऱ्या योजनांमध्ये ४जीवर वापरलेला डेटा रोजच्या कोट्यातून कापला जातो. माजघरात ४जी ठेवलं, तर मोठा व्हिडिओ ओसरीवर येऊन, ५जीवर उतरवून घेतलेला बरा.