डोळ्यांना न दिसणारं रक्त

गटाची बैठक संपली, हिशेबाची वही मिटली, की चहा येईपर्यंत आपल्याकडं एक बोलणं हमखास निघतं. कुणाचं हिमोग्लोबिन किती, कुणाला गोळ्या लागू पडल्या, कुणाला नाही. अशाच एका बैठकीत माण तालुक्यातल्या आमच्या एक आक्का बसल्या होत्या. वय ५४, पाळी जाऊन पाच वर्षं झालेली. जिना चढला की धाप लागायची. हिमोग्लोबिन होतं ७.८. चार महिने न चुकता लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, तरी आकडा ८.१ च्या वर जाईना. आज त्यांचीच गोष्ट सांगतो, कारण त्यांच्यामुळं आम्ही सगळ्या एक तपासणी नीट शिकलो.

त्या तपासणीचं नाव स्टूल ऑकल्ट ब्लड. स्टूल म्हणजे संडास, आणि ऑकल्ट म्हणजे लपलेलं. पोटात कुठंतरी थोडं थोडं रक्त पाझरत असेल, तर ते शीमध्ये मिसळून जातं. रंग बदलत नाही, डोळ्यांना दिसत नाही. पण रोज चमचाभर गेलं तरी महिन्याचा हिशेब मोठा होतो. घरात येणारा पैसा तेवढाच आणि भिंतीला भोक, तसं ते. लोहाच्या गोळ्या वरून भरत राहतात आणि खालून गळत राहतं.

आक्कांची ही तपासणी झाली होती. कागदावर निकाल होता ‘निगेटिव्ह’, म्हणजे रक्त नाही. घरचे निर्धास्त झाले. पण तो निकाल खोटा होता. तपासणाऱ्याची चूक नव्हती आणि आक्कांचीही नव्हती. आक्का आवळ्यामुळं फसल्या. ते कसं, हे समजायला तपासणी कशी होते ते आधी बघू.

ही तपासणी दोन तऱ्हेची असते. पहिली रसायनाची. ग्वायॅक नावाच्या झाडाचा डिंक लावलेला एक कागद असतो. त्यावर शीचा पातळ थर लावतात आणि वरून हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकतात. शीमध्ये रक्त असलं तर रक्तातल्या हीममुळं कागद काही सेकंदांत निळा होतो. हीम म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा, लोह असलेला भाग.

दुसरी तपासणी कार्डाची. गरोदरपण बघायचं कार्ड बहुतेकींनी पाहिलंय, तसंच हे. माणसाच्या रक्तातलं जे प्रथिन आहे, तेवढंच ते ओळखतं. एक रेघ उमटली तर रक्त नाही, दोन उमटल्या तर आहे. ‘सी’ जवळची पहिली रेघच उमटली नाही, तर ते कार्ड बाद समजायचं आणि तपासणी पुन्हा करायची.

आता आक्कांकडं येऊ. आपल्याला सगळीकडं सांगतात, की लोहाच्या गोळीबरोबर लिंबू घ्या, आवळा खा, म्हणजे लोह अंगी लागतं. ते बरोबरच आहे. आक्का रोज ५०० मिलिग्रॅमची व्हिटॅमिन सीची गोळी चघळायच्या आणि वर अर्धा कप आवळ्याचा रस प्यायच्या. पण रसायनाच्या तपासणीत हेच आडवं येतं. कागद निळा करणारी जी क्रिया आहे, ती व्हिटॅमिन सी दाबून टाकतं. रक्त असतं, पण कागद पांढराच राहतो. म्हणून रसायनाची तपासणी करायची असेल तर आधीचे तीन दिवस, आणि नमुने देऊन होईपर्यंत, व्हिटॅमिन सीची गोळी आणि आवळ्याचा रस बंद ठेवायचा. दिवसाला २५० मिलिग्रॅमच्या वर ते पोटात जायला नको. भाजीवर पिळलेल्या लिंबाच्या फोडीनं एवढं होत नाही.

याच्या उलटही होतं. जत तालुक्यातल्या आमच्या एका मैत्रिणीचा कागद निळा झाला आणि घरात रडारड सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, चार दिवसांत काय काय खाल्लं? गावची जत्रा होती. दोन दिवस मटण, त्यात रक्ती आणि कलेजी. बकऱ्याच्या रक्तातही हीम असतंच, आणि रसायनाला बकरा कोण आणि माणूस कोण हे कळत नाही. तसंच कच्चा मुळा, कच्चा फ्लॉवर, सलगम, खरबूज यांत असा एक पदार्थ असतो, जो रक्त नसतानाही कागद निळा करू शकतो. भाजी नीट शिजवली की त्याचा जोर जातो. म्हणून या तपासणीआधी तीन दिवस मटण आणि कच्चा मुळा बंद. भाकरी, वरण-भात, शिजवलेली भाजी, दूध खुशाल खा. तिनं तसं केलं, पुन्हा नमुने दिले, आणि कागद पांढरा राहिला.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातली. मशेरी लावताना हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते गिळलं जातं आणि तेही या तपासणीत दिसू शकतं. तसं होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

कार्डाच्या तपासणीत यातलं काहीच आड येत नाही. मटण चालतं, मुळा चालतो, आवळाही चालतो, कारण कार्ड फक्त माणसाचं रक्त ओळखतं. लोहाच्या गोळीनं शी काळपट होते, त्यानंही कार्ड फसत नाही. मग कार्डच का करू नये? बऱ्याचदा तेच बरं असतं. जपानमध्ये १९९२ पासून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी दोन दिवसांचे नमुने घेऊन हीच तपासणी करतात. पण कार्डाचीही एक मर्यादा आहे. रक्त जठरातून किंवा वरच्या आतड्यातून येत असेल, तर खाली येईपर्यंत त्यातलं प्रथिन पचून जातं. मग कार्डाला ते दिसत नाही. गुडघेदुखीच्या गोळ्या रोज खाऊन पोटात जखम झालेल्या बाईचं कार्ड ‘रक्त नाही’ असंच सांगू शकतं. म्हणून नमुना देताना एक प्रश्न विचारायचाच: ही तपासणी रसायनाची का कार्डाची? उत्तरावर आपलं पथ्य ठरतं. आणि दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते सांगायचं. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिनची गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवायचं.

आता नमुना कसा घ्यायचा ते सांगतो, लाजायचं काही कारण नाही. पाळी चालू असताना घ्यायचा नाही, पाळी संपून तीन दिवस जाऊ द्यायचे. नाहीतर पाळीचं रक्त शीमध्ये मिसळतं आणि कार्डसुद्धा ते पकडतं. मूळव्याधीतून रक्त पडत असेल तर ते थांबेपर्यंत वाट बघा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

आधी लघवी करून घ्या. मग संडासच्या भांड्यावर स्वच्छ प्लास्टिक किंवा कागद अंथरा आणि त्यावर शी करा. भांड्यातल्या पाण्यात पडलेली शी चालत नाही, कारण रक्त पाण्यात धुऊन जातं आणि भांडं धुवायचं औषधही त्यात मिसळतं. बाहेर जात असाल तरी कागदावरच, मातीवरून उचललेला नमुना नको. डबीबरोबर मिळालेल्या काडीनं दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून शेंगदाण्याएवढी शी घ्या. रक्त सगळीकडं सारखं मिसळलेलं नसतं, म्हणून एकाच जागेवरून घ्यायची नाही.

कार्डासाठी काही ठिकाणी बारीक नळी देतात. तिच्या झाकणाला काडी असते आणि काडीला खाचा. ती काडी शीमध्ये चार-सहा जागी टोचायची. खाचा भरल्या की पुरे, जास्त भरायची नाही. नळीत घालून झाकण घट्ट लावायचं आणि पुन्हा उघडायचं नाही. नळीतलं पाणी रक्त टिकवण्यासाठीच असतं, ते सांडायचं नाही. नाव, तारीख, वेळ वर लिहायची आणि हात साबणानं धुवायचे.

नमुना त्याच दिवशी पोचवा, जमलं तर सकाळीच. आपल्याकडचं ऊन माहीत आहे ना? एस.टी.च्या खिडकीशी उन्हात ठेवलेल्या डबीतलं रक्त मोडतं आणि कार्ड ‘नाही’ म्हणतं. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत न्या.

आणि एकदाच देऊन भागत नाही. रक्त रोज पडतंच असं नाही. म्हणून रसायनाच्या तपासणीला तीन वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने देतात.

आक्कांना दुसऱ्या डॉक्टरांनी हेच करायला लावलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाळी बंद, गोळ्या चालू, तरी रक्त भरत नाही, म्हणजे ते कुठंतरी जातंय. गोळी आणि आवळा बंद ठेवून आक्कांनी तीन नमुने दिले. दोन कागद निळे झाले, एक पांढराच राहिला. तो एकच दिला असता तर पुन्हा फसगत झाली असती. मग मिरजेला खालून दुर्बीण घालून बघितलं. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. त्या बाजूला शी अजून पातळ असते, त्यामुळं रक्त पूर्ण मिसळून जातं आणि आजार बराच वाढेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. गाठ कॅन्सरची होती, पण आतड्याबाहेर पसरलेली नव्हती. ऑपरेशन झालं. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ आलं.

यावरून घाबरून जायचं नाही. रक्त आढळलं म्हणजे कॅन्सरच असं नाही. मूळव्याध, जठरातली जखम, पोटातले अंकुशकृमी, आतड्यातला साधा कोंब, यांतलं काहीही असू शकतं. पण रक्त आढळलं तर “मूळव्याध असेल” असं घरीच ठरवून थांबायचं नाही, पुढची तपासणी करायची. तसंच रक्त आढळलं नाही म्हणूनही थांबायचं नाही. पाळी गेलेल्या बाईचं रक्त गोळ्या खाऊनही भरत नसेल, तर निगेटिव्ह कागद हातात असला तरी डॉक्टरांना पुन्हा विचारायचं, की दुर्बिणीनं बघायला हवं का? आणि शीमध्ये रक्त डोळ्यांना दिसत असेल, किंवा शी डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची होत असेल, तर या तपासणीची वाट बघू नका. सरळ दवाखान्यात जा.

आमच्या गटाच्या वहीत आता मागच्या पानावर चार ओळी लिहिलेल्या आहेत. रसायनाची का कार्डाची, हे विचारायचं. रसायनाची असेल तर तीन दिवस मटण, कच्चा मुळा, आवळ्याचा रस बंद. पाण्यात पडलेला नमुना नको. एका नमुन्यावर विश्वास नको. आक्का बैठकीला येतात तेव्हा त्याच त्या मोठ्यानं वाचतात. आवळ्याचा रस त्यांनी पुन्हा सुरू केलाय. फक्त तपासणीच्या आधी तीन दिवस बाटली शेजारणीकडं ठेवायला देतात, हात जाऊ नये म्हणून.