पहिल्या ओळीतील मागणी

कवितेची पहिली ओळ म्हणजे पुढील मजकुराचा केवळ आरंभ, अशी आपली समजूत असते. परंतु कोण बोलत आहे, कोणाशी बोलत आहे आणि आता कशाची वाट पाहावयाची, या तीनही गोष्टी बहुधा त्या एका ओळीतच मुक्रर होऊन जातात. केशवसुतांनी १८९३ साली लिहिलेली ‘तुतारी’ आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून तिच्याच पहिल्या ओळीपाशी आज थोडा वेळ थांबू.

ही ओळ सोळा मात्रांची असून तिचे आठ-आठ मात्रांचे दोन सारखे भाग पडतात. पूर्वार्धात वस्तूचे नाव येते, उत्तरार्धात मागणी. बोलणाऱ्याच्या हाती तुतारी नाही, ती त्याला कोणीतरी आणून द्यावयाची आहे. आणि क्रियापद ‘द्या’ असे असल्यामुळे समोर अनेक माणसे उभी आहेत, हे कवीने निराळे न सांगताही आपल्याला उमगते. ‘मी तुतारी फुंकतो’ अशा विधानाने आरंभ झाला असता, तर ऐकणारे केवळ प्रेक्षक उरले असते. मागणीमुळे ते पहिल्याच क्षणी त्या कार्यात गुंतले जातात. शिवाय जे वाद्य रागदारीसाठी नव्हे, तर कोणाच्या आगमनाची वर्दी देण्यासाठी वाजते, तेच मागितल्यामुळे आता काहीतरी जाहीर होणार, ही अपेक्षाही त्याच ओळीत जागी होते.

पहिल्या कडव्याची रचना पाहिली, म्हणजे कवी ही अपेक्षा किती जपून वाढवितो, ते ध्यानात येते. आरंभी तुतारी ‘एक’, म्हणजे कोणतीही असते. पुढील तीन ओळी, एकाच यमकाने बांधलेल्या, ती कशी फुंकली जाईल आणि तिच्या नादाने काय घडेल, याचे वचन देतात. आणि पाचव्या ओळीत मूळ यमकासह मूळ मागणी परतते, तेव्हा ‘एक’च्या जागी ‘अशी’ हा शब्द आलेला असतो. त्या ‘अशी’ला जो अर्थ आहे, तो मधल्या तीन ओळींनी दिलेला आहे.

पुढे जुन्याला मरू देण्याचे आवाहन येते, तेथे पुन्हा तेच ‘द्या’ भेटते. आरंभी ज्याचा अर्थ ‘मला आणून द्या’ असा होता, तेच क्रियापद आता ‘होऊ द्या’ या अर्थाने त्याच लोकांना उद्देशून येते, आणि जी अर्जासारखी वाटत होती, ती वाणी हुकुमासारखी होते. हा हुकूम आपल्याला उपरा वाटत नाही, कारण त्या माणसाशी आपला व्यवहार पहिल्या ओळीतच सुरू झालेला असतो.

तेव्हा यापुढे कोणतीही कविता हाती घ्याल, तेव्हा पहिली ओळ मोठ्याने म्हणा, क्षणभर थांबा, आणि तिच्यातील क्रियापद कोणाला उद्देशून आहे, तेवढे पाहून मगच पुढे वाचा.