फराळाची भेट आणि फराळाचा व्यापार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पोलाद कारखान्याच्या निमित्ताने भिलाईस येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची पुढची पिढी आता अमेरिका, दुबई, जर्मनी अशी दूरदूर पांगली आहे. दिवाळी जवळ आली की येथील घराघरांतून त्यांच्यासाठी फराळाची खोकी रवाना होतात. त्यातला चिवडा मुलाच्या शेजाऱ्याने चाखला आणि ‘आम्हांलाही चार किलो पाठवा, पैसे देतो’ असा निरोप आला, म्हणजे भेटीचा व्यापार होतो. मंडळातील काही भगिनी आज याच उंबरठ्यावर उभ्या आहेत. सरकारी नोकरीत कागद वाचण्यात आमचे आयुष्य गेले. म्हणून या विषयाची कागदी बाजू आपणांसमोर मांडण्याचे आम्ही योजिले आहे. बोलणे विस्कळीत होऊ नये म्हणून अमेरिकेस जाणाऱ्या एका खोक्याचेच उदाहरण घेऊ.

पहिली गोष्ट ही की, चकली तीच, कढई तीच, खोकेही तेच. परंतु भेट आणि विक्री यांना कायदा वेगवेगळ्या नजरेने पाहतो. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या खाद्यपदार्थांची सूचना तेथील अन्न व औषध प्रशासनाला आगाऊ द्यावी लागते. आईने स्वतःच्या घरी करून मुलाला वैयक्तिक भेट म्हणून पाठविलेल्या पदार्थास ही अट नाही. पैसे घेतले की ही सवलत संपली. मग खोके टपालात टाकण्यापूर्वी संगणकावरून पूर्वसूचना द्यायची, मिळालेला क्रमांक खोक्याबरोबरच्या कागदावर लिहायचा. आणि चिवडा, चकली, लाडू असे तीन पदार्थ असतील तर प्रत्येकाची सूचना स्वतंत्र. टपालाच्या सीएन २३ या जकात-घोषणापत्रात ‘भेट’ आणि ‘मालाची विक्री’ असे वेगवेगळे रकाने असतात. विकलेल्या मालासमोर ‘भेट’ ही खूण करण्याचा सल्ला देणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. तो मानू नये. एकाच घरातून निरनिराळ्या आडनावांच्या माणसांना वीस ‘भेटी’ निघाल्या, तर त्यांचे खरे स्वरूप ओळखण्यास जकात अधिकाऱ्याला फार वेळ लागत नाही. खोके अडले की फराळाची दिवाळी टळते, आणि गिऱ्हाईक कायमचे जाते.

येथे स्वयंपाकघराचाही प्रश्न येतो. अमेरिकेत खपणारे अन्न तयार करणाऱ्या कारखान्याला तेथील प्रशासनाकडे नोंदणी करावी लागते. खाजगी राहते घर मात्र त्यातून वगळले आहे. पाच-सहा भगिनींनी मिळून भाड्याची जागा घेतली आणि तेथे कढया मांडल्या, की ते घर राहिले नाही. मग नोंदणी आली, आणि अमेरिकेत राहणारा एक प्रतिनिधी नेमणेही आले. व्याप वाढविण्यापूर्वी ही रेषा ध्यानात असावी.

आता आपल्या बाजूचे कागद. विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो. पॅन व बँक खाते असले की तो घरबसल्या मिळतो, शुल्क ५०० रुपये. निर्यात ही आंतरराज्य विक्री समजली जात असल्याने, उलाढाल थोडी असली तरी खाद्यपदार्थांसाठी जीएसटीची नोंदणी लागते. ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’ हे हमीपत्र भरले म्हणजे निर्यातीवर कर भरावा लागत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना घेताना निर्यातीचा उल्लेख आवर्जून करावा. २०२२ साली टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली. तेथे व्यापारी खोक्यासाठी पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट संगणकावरूनच भरता येते. त्यात मालाचा वर्गीकरण क्रमांक, वजन आणि खरी किंमत लिहायची. ‘फराळ’ एवढाच शब्द पुरत नाही. चिवड्यासारखे नमकीन २१०६ ९० या शीर्षाखाली येते, तसे प्रत्येक पदार्थाचे शीर्ष शोधावे लागते.

लेबलावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने इंग्रजीत लिहावेत, आणि वावडे असू शकणारे घटक ठळक सांगावेत. गहू, दूध, शेंगदाणे, काजू हे आपल्या लक्षात येतात. परंतु १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेने त्या यादीत तीळही घातले आहेत, म्हणजे चकलीतले तीळ विसरून चालणार नाही. देश बदलला की नियमही बदलतात. दुबईच्या खोक्यात खसखस लावलेले अनारसे किंवा खसखशीच्या सारणाच्या करंज्या कदापि घालू नयेत. तेथे खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते आणि प्रकरण फौजदारीवर जाऊ शकते. जर्मनीसारख्या युरोपीय संघातील देशात खव्याचे पेढे, बर्फी टपालाने धाडू नयेत.

राहता राहिली किंमत. समजा, निव्वळ फराळ चार किलो आणि बांधणीसह खोके पाच किलोचे. आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी आहेत. जिन्नस, इंधन, मेहनत व नफा धरून किलोस ५५० प्रमाणे २२०० रुपये. डबे व पुठ्ठा ३५०. वाहतूक किलोस ७०० प्रमाणे ३५००. परदेशी जकात ३००. एकूण ६३५० झाले. आता पैसे वळते करून देणारा ४ टक्के घेतो, आणि वाटेत फुटणाऱ्या मालासाठी आपण ५ टक्के धरले. पुष्कळांना वाटते, ६३५० वर ९ टक्के चढविले की झाले. परंतु हे ९ टक्के विक्रीच्या किमतीतून जातात. म्हणून ६३५० ला ०.९१ ने भागावे. उत्तर सुमारे ६९८० येते. वर नुसते ९ टक्के चढविले तर खोक्यामागे पन्नासेक रुपये आपल्याच पदरचे जातात.

या हिशेबात वाहतूक फराळापेक्षा महाग आहे, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. त्यातून खाजगी कुरियर बहुधा आकारमानाचेही वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ४० × ३० × २५ चे खोके तराजूवर पाच किलो भरले तरी आकार सहा किलोचा पडतो. पातळ पोह्यांचा चिवडा जागा खातो, बेसनाचे लाडू वजन खातात. दोन्ही मिळून भरले तर भाड्याचे चीज होते.

जकातीचा आकडाही दरवर्षी नव्याने विचारावा. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालास असलेली माफी २९ ऑगस्ट २०२५ रोजी उठली. त्या सुमारास आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सले थांबविली, आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून जकात येथेच आगाऊ भरून घेत ती पुन्हा सुरू केली. दिवाळी अवघ्या पाच दिवसांवर आली होती. उन्हाळ्यात ठरविलेला भाव दिवाळीत टिकतोच असे नाही. म्हणून भाव कळविताना ‘जकात त्या दिवसाच्या दराने’ ही ओळ अवश्य लिहावी.

तेथील दुकानदाराने मोठी मागणी केली, तर मात्र आयातदाराच्या जबाबदाऱ्या सुरू होतात आणि आपला घरगुती मार्ग तेथे संपतो. १९५९ साली गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाचा मालही परदेशी जातो तो निर्यात व्यापाऱ्यांच्या मार्फत. पापड लाटणाऱ्या भगिनींच्या डोक्यावर जकातीचे कागद येत नाहीत. नफ्याचा वाटा व्यापाऱ्याकडे जातो, हे खरे. पण कागद कोणी सांभाळायचे हे ज्याने त्याने आपल्या बळाप्रमाणे ठरवावे.

तूर्त ज्यांच्याकडे मागणी आली आहे त्यांनी क्रमांक व नोंदणी गणपतीपूर्वीच करून घ्यावी, आणि प्रथम एकच खोके, विक्री म्हणून, पाठवून पाहावे. ते किती दिवसांनी पोहोचले, किती चकल्या मोडल्या, शेवटचा खर्च किती झाला, हे वहीत टिपावे. पुढचा भाव त्या वहीवरून ठरवावा.