हाडातला पू आणि तीन महिन्यांच्या गोळ्या

गावोगावच्या बैठकांत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. हाडात पू झाला म्हणून दवाखान्यात सलाईनमधून औषध चालू होतं, आठवड्यातच डॉक्टरांनी गोळ्या देऊन घरी पाठवलं. सुईचं औषध भारी आणि गोळी हलकी, मग ही टाळाटाळ तर नाही ना? त्याबद्दलच आज बोलू.

समजा, दिंडोरी तालुक्यातल्या एका ताईंचा पाय मोटारसायकलवरून पडून मोडला. नाशिकला ऑपरेशन झालं, नडगीला पट्टी आणि स्क्रू बसवले. दोन आठवड्यांनी टाके लाल झाले, पाय ठणकू लागला आणि जखमेतून पाणी झिरपू लागलं. अशा वेळी मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणून घ्यायच्या नाहीत. त्यांनी वरचं पाणी थांबतं, आतला पू तसाच राहतो, आणि पुढे तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं.

डॉक्टर जखम उघडून पू धुतात, मेलेलं मांस काढतात आणि आतले पाच-सहा तुकडे वेगवेगळ्या डब्यांतून लॅबला देतात. तिथे जंतू वाढवून कोणतं औषध त्याला मारतं ते बघतात. त्याला काही दिवस लागतात, तोवर अंदाजाने सलाईनमधून औषध चालतं.

आता आठवडे का लागतात? अंगावरच्या फोडाला रक्त भरपूर मिळतं, औषध रक्ताबरोबरच पोचतं. हाड मात्र कडक. आत पू झाला की त्याला पसरायला जागा नसते, दाब वाढतो, रक्तवाहिन्या दबतात आणि हाडाचा तो भाग मरतो. मेलेल्या हाडात रक्त नाही, म्हणजे औषधही नाही. धातूच्या पट्टीवर तर जंतू एक चिकट थर करतात, पाण्याच्या टाकीच्या तळाला शेवाळ धरतं तसा. त्या थरात बरेच जंतू झोपल्यासारखे असतात, आणि बहुतेक औषधं वाढणाऱ्या जंतूंनाच मारतात. म्हणून मेलेलं हाड ऑपरेशनने काढून मोठ्या माणसांना साधारण सहा आठवडे औषध देतात. पट्टी तशीच ठेवायची असेल, तर बहुधा तीन महिने. हाड जुळेपर्यंत ती काढता येत नाही, हीच अडचण असते.

आता सुई की गोळी. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या 26 केंद्रांत हाड-सांध्याच्या जंतुसंसर्गाच्या 1,054 मोठ्या रुग्णांवर अभ्यास झाला, तो 2019 मध्ये छापून आला. निम्म्यांना सहा आठवडे शिरेतून औषध, निम्म्यांना साधारण पहिल्या आठवड्यातच गोळ्या. वर्षाने पाहिलं, तर उपचार फसलेले सुईवाले शंभरात 14-15 आणि गोळीवाले 13. म्हणजे गोळी कमी पडली नाही. उलट शिरेतल्या नळीचा त्रास सुईवाल्यांत शंभरातल्या नऊ जणांना झाला, गोळीवाल्यांत एकाला. मात्र जंतूला लागू पडणारी आणि पोटातून नीट शोषली जाणारी गोळी हवी. ऑपरेशन नीट झालेलं हवं. जंतू रक्तात पसरला असेल किंवा उलट्या होत असतील, तर सुईच बरी.

आपल्या ताईंना लिव्होफ्लॉक्सासिन आणि रिफॅम्पिसिन लिहून दिलं. दुसरं नाव ऐकून घरचे म्हणणार, टीबी झाला का? नाही. ते टीबीचं औषध आहेच, पण पट्टीवरच्या थरात शिरून काही जंतूंना मारण्यात ते तरबेज आहे. ते एकटं कधीच घ्यायचं नाही, जंतू लवकर दाद देईनासा होतो. त्याने लघवी केशरी होते, घाबरू नका. पण गर्भनिरोधक गोळीचं काम ते बिघडवतं, म्हणून औषध चालू असताना आणि ते थांबल्यावरही काही आठवडे दुसरा उपाय हवा. हे डॉक्टर विसरले, तरी तुम्ही विचारा. लिव्होफ्लॉक्सासिनची गोष्ट वेगळी. आशाताईंनी दिलेली लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी सोबत घेतली, तर दोन्ही पोटात बांधली जातात आणि औषध रक्तात कमी जातं. मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. टाचेच्या मागची शीर दुखू लागली, तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा.

ताप दुसऱ्या आठवड्यात जातो, पाय हलका वाटतो, आणि द्राक्षाची छाटणी तोंडावर असते. गोळ्या सुटतात त्या इथेच. ठणका गेला म्हणजे थर गेला असं नाही. अधूनमधून रक्त तपासून सूज उतरतेय का आणि यकृत ठीक आहे का ते बघतात, त्या तारखा चुकवू नका. डोळे पिवळे झाले, अंगावर पुरळ आलं, ताप परतला किंवा भरलेल्या जखमेला पुन्हा बारीक छिद्र पडून पाणी आलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. गोळ्या संपल्यावरही वर्षभर त्या जागेवर नजर ठेवा, छिद्र पुन्हा पडलं तर बहुधा तिथेच पडतं.