एका चार्जरवर दोन फोन

मोबाईलच्या दुकानात एक वायर मिळते: चार्जरकडे एक पिन आणि फोनकडे दोन. एका प्लगवर दोन फोन लागतात, म्हणून आपण ती आनंदाने घेतो. मग एक फोन भरतो आणि दुसरा तिथेच रेंगाळतो. असं का होतं, ते आज पाहू.

आपल्या साध्या चार्जरवर बारीक अक्षरांत ५ व्होल्ट, २ अँपिअर असं छापलेलं असतं. पाच दुणे दहा, म्हणजे १० वॉट. वायरला तोंडं दोन असली तरी वॉट तेवढेच राहतात, फक्त वाटले जातात. आणि वाटणी निम्मी-निम्मी होईलच असं नाही.

चार्जिंगच्या वायरमध्ये वीज नेणाऱ्या तारांशिवाय ओळख पटवणाऱ्या तारा असतात. त्यांवरून फोनला कळतं, की समोर चार्जर आहे, जास्त वीज घ्यायला हरकत नाही. दोन तोंडांच्या बऱ्याच वायरींत या तारा एकाच फाट्याला जोडलेल्या असतात. दुसऱ्या फाट्यावरचा फोन बिचकतो आणि अर्ध्या अँपिअरच्या आसपासच वीज घेतो.

या तारा दोन्हीकडे जोडणंही धोक्याचं आहे. फास्ट चार्जर फोनने मागितल्यावर ५ चे ९ व्होल्ट करतो. वीज नेणारी तार सामाईक असल्याने, न मागणाऱ्या फोनलाही तेच ९ व्होल्ट मिळतील. म्हणून अशा वायरीवर फास्ट चार्जिंगची आशा धरू नये. चार्जरकडची पिनही टाइप-सी असेल, तर दोन फोनांच्या खुणा एकत्र मिसळतात, चार्जरला त्या ओळखता येत नाहीत आणि कधीकधी एकही फोन चार्ज होत नाही.

आता हिशोब करू. रात्रभर लाइट नव्हती, पहाटे पाचला आली. सहाला तुम्हाला सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघायचंय. लेकीचा फोनही बंद पडलाय, पण ती दिवसभर घरीच आहे. दोन्ही बॅटऱ्या ५००० एमएएचच्या. १० वॉटवर एकटा फोन लावला, तर तासाभरात सुमारे ४० टक्के भरतो. दोन्ही एकदम लावले, तर एकाला ३० आणि दुसऱ्याला जेमतेम १० टक्के मिळतात. तो १० टक्केवाला फोन तुमचा निघाला, तर संध्याकाळी परतताना रिक्षा बोलवायलाही तो चालू नसेल. म्हणून आधी तुमचा एकटा लावा, निघताना लेकीचा लावा. एकूण वीज तेवढीच, पण ती कुणाला द्यायची हे तुम्ही ठरवता.

वायर घरात असेलच, तर एक करून बघा. एक फोन लावा, पडद्यावर काय येतं ते वाचा, मग दुसरा लावा. पहिल्यावरची वेगवान चार्जिंगची खूण गेली, किंवा चार्जिंग तुटून पुन्हा सुरू होऊ लागलं, तर चार्जरला दोघांचा भार झेपत नाही. वायर जिथे दुभागते तो सांधा हाताला गरम लागला, तर ती काढूनच ठेवा.

दोन फोन रोजच एकदम लावायचे असतील, तर दोन खाचांचा चार्जर घ्या. त्यात प्रत्येक फोनशी बोलणी वेगळी होतात. घेताना दोन्ही खाचा एकदम वापरल्यावर प्रत्येकीला किती वॉट मिळतात, ते खोक्यावर वाचून घ्या.