पाऊस हुकल्यावर विहीर कधी आटते?

पाऊस हुकला की दुष्काळ आधी पर्जन्यमापकात दिसतो. दोन-तीन आठवडे उघडीप राहिली, की मुरमाड रानातलं सोयाबीन दुपारी माना टाकतं. हा शेतीचा दुष्काळ. विहिरी-धरणं मात्र जुन्या साठ्यावर काही महिने तग धरतात. लातूरकडे 2014 आणि 2015 असे लागोपाठ दोन पावसाळे हुकले, मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

म्हणूनच प्रमाणित पर्जन्य निर्देशांक पिकासाठी साधारण तीन महिन्यांच्या पावसावर, तर धरणासाठी बारा किंवा त्याहून जास्त महिन्यांच्या पावसावर काढतात. तो उणे 2 पर्यंत घसरला, की कोरडेपणा अतितीव्र समजावा. पण त्यात फक्त पाऊस धरलेला असतो. बोअरनं किती उपसा झाला, हे विहिरीची पातळी मोजूनच कळतं.