वेळ कुणाच्या घड्याळाची?



आज वेळेचा एक हिशेब करू. समजा, आपल्या माहुलगावातल्या एका वेल्डरने दुबईला नोकरीसाठी अर्ज केला. उत्तर आले, "सोमवारी दुपारी पावणेतीनला फोनवर मुलाखत. वेळ दुबईची." मग त्याने इथे फोनजवळ किती वाजता बसायचे? हिशेब चुकला तर हातची नोकरी जाईल!

सूर्य पूर्वेकडे आधी उगवतो. आपण दुबईच्या पूर्वेला आहोत. म्हणून आपले घड्याळ पुढे असते. किती पुढे? दीड तास.

हा वरचा अर्धा तास कुठून आला? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपल्या देशाची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेघेवर ठरली आहे. साडेब्याऐंशीला पंधराने भागा, साडेपाच येतात. म्हणून इंग्लंडातील ग्रीनिचच्या वेळेपेक्षा आपण साडेपाच तास पुढे. दुबई चार तास पुढे. साडेपाचातून चार गेले, दीड उरला.

आता पावणेतीनमध्ये दीड तास मिळवू. आधी पुरा तास घ्या. पावणेतीनचे पावणेचार झाले. मग अर्धा तास घ्या. सव्वाचार झाले. वेल्डरने सव्वाचारला फोनजवळ बसावे.

कागदावर मांडताना मात्र जपा. २.४५ आणि १.३० यांची रुपये-पैशांसारखी बेरीज केली, तर ३.७५ येतात. पण घड्याळात पाऊणशे मिनिटे कुठे असतात? तास साठ मिनिटांचा. पंचाहत्तरातून साठ काढा, त्यांचा एक तास करा. झाले ४.१५. मिनिटे साठ किंवा जास्त दिसली, की समजा, हिशेब अजून पुरा झालेला नाही.

ताळाही पाहा. सव्वाचारातून दीड तास वजा करा. पावणेतीन आले, म्हणजे बरोबर. कुणी उलटे केले, पावणेतीनमधूनच दीड वजा केला, तर सव्वा येईल. तो माणूस सव्वाला बसेल, फोन आला नाही म्हणून उठून जाईल, आणि फोन सव्वाचारला वाजत राहील.

दुबईचा दीड तास बाराही महिने तोच राहतो. लंडनचे तसे नाही. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. म्हणून लंडनचा फरक हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार तास.

आमच्या मुंबईतही १९५५ पर्यंत दोन वेळा चालत. मुंबईची वेळ देशाच्या वेळेहून ३९ मिनिटे मागे असे. तेव्हा वेळ सांगितली, की कुठली वेळ तेही विचारावे लागे. परदेशाशी बोलताना आपणही तसेच विचारावे.

आता तुम्ही सांगा. दुबईत सोमवारी रात्रीचे अकरा वाजले. माहुलमध्ये किती वाजले? साडेबारा. पण वार कोणता? बारा वाजून गेले, म्हणून मंगळवार. वेळ लिहाल, तेव्हा शेजारी वारही लिहा.